साडेतीन किलोवॅटचा फरक

खुर्जाच्या बजाजा बाजारात गेंदालाल हलवायाचं दुकान कुणाला विचारावं लागत नाही. माव्यात मैदा मिसळला नाही, तुपात डालडा ओतला नाही, पिस्त्याच्या नावाखाली हिरवे शेंगदाणे विकले नाहीत, अशी त्यांची चाळीस वर्षांची ख्याती. ही ख्याती खरीही होती. माणूस सगळीकडे खरा असला आणि एकाच कोपऱ्यात खोटा असला, तर तो कोपरा त्याला स्वतःलाही दिसेनासा होतो. गेंदालालचं तसंच झालं होतं.

दुकान आता त्यांची मुलगी रुचिका चालवत होती. मेरठच्या बँकेतली नोकरी सोडून ती आली, त्याला तीन वर्षं झाली. बाबूजींचं नाव बुडू द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात. पाटीवर तिनं मोठ्या अक्षरांत ‘शुद्धतेशी तडजोड नाही’ असं रंगवून घेतलं होतं, आणि गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करायला लागलं की ती त्या पाटीकडे बोट दाखवायची. गेंदालाल गल्ल्याशेजारी वेताच्या मोड्यावर बसून हे ऐकायचे. छाती फुगायची त्यांची. आणि का फुगू नये?

रुचिकाला दुकानात नानखटाईसाठी विजेची भट्टी आणि एक मोठा फ्रीझर बसवायचा होता. त्यासाठी भार वाढवून घ्यायला हवा होता. दुकानाचा मंजूर भार आठ किलोवॅट, तोही कित्येक वर्षांपूर्वीचा. बँकेत काम केलेली मुलगी, तिनं आधी वर्षभराची बिलं मांडून बसून वाचली, आणि मग वडिलांना म्हणाली की आपण दर महिन्याला दंड भरतोय.

हे गेंदालालना नवीन होतं. ते बिलाची फक्त शेवटची ओळ बघत आले होते. रुचिकानं समजावून सांगितलं. नवं मीटर नुसते युनिट मोजत नाही, महिन्यातला सगळ्यात भारी अर्धा तासही टिपून ठेवतं. त्या अर्ध्या तासात दुकानानं किती भार ओढला, तो आकडा बिलावर छापून येतो. आपला अकरा पॉइंट एक. मंजूर आठ. वरच्या तीनवर दुप्पट दरानं आकार लागतो, आणि असंच चाललं तर एक दिवस नोटीस येऊन ते आपणहून भार वाढवतील. त्यापेक्षा आपण अर्ज केलेला बरा.

“कर की मग,” गेंदालाल म्हणाले. “यात विचारायचं काय?”

अर्ज घरबसल्या संगणकावरून भरता आला. दुकानाच्या मालकीचा कागद, आधार, शेवटचं भरलेलं बिल, मागची काही थकबाकी नसल्याची खात्री, आणि वर थोडंसं अर्जशुल्क. पण सोबत यंत्रांची यादी द्यायची होती, आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल. रुचिका वही घेऊन मागच्या कारखान्यात गेली आणि एकेका मोटरीवर वाकून तिच्यावर ठोकलेला ताकदीच्या आकड्याचा पत्रा वाचायला लागली. बेसन दळायची चक्की, पाच हॉर्सपॉवर. खवा घोटायचं यंत्र, एक हॉर्सपॉवर. कणीक मळायचं यंत्र, तेही एकचं. दोन फ्रीझर, थंड काउंटर, पंखे, दिवे. ती मोठ्यानं वाचत होती आणि लिहीत होती.

मोड्यावर बसलेल्या गेंदालालना प्रत्येक आकडा ऐकू येत होता, आणि तेव्हा कुठे त्यांना आठवलं.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मीटर चकतीचं होतं, फिरायचं आणि युनिट मोजायचं, बाकी त्याला काही कळायचं नाही. भार किती हे तपासनीस येऊन मोटरींवरचे पत्रे वाचून ठरवायचा. आणि भार वाढवायचा तर ठेव, लाइनचा खर्च, महिन्याचा स्थिर आकार, सगळंच वाढणार. मोटरी वाइंड करणारा बनवारी मिस्त्री तेव्हा बाजारात अर्ध्या दुकानांची ही अडचण सोडवत असे. साडेसातच्या मोटरीवर पाचचा पत्रा, दोनच्या मोटरीवर एकचा. चार रिबिटा ठोकल्या की झालं. गेंदालालनी तीन मोटरींचे पत्रे बदलून घेतले. पक्कड घेऊन पत्रा दाबून धरायला कारागीर भूरे होता. बनवारी मेला, चकतीचं मीटर गेलं, पत्रे राहिले.

यादीची बेरीज सात पॉइंट सहा आली. रुचिकानं त्यात भट्टी आणि फ्रीझरचे पाच मिळवले आणि तेरा किलोवॅटचा अर्ज केला. खाली लिहिलेलं होतं, वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. तिनं सही केली. गेंदालाल पाहत होते. तोंड उघडायला तेव्हा एक क्षण होता. पण मुलीसमोर काय सांगायचं? ज्या पाटीकडे ती बोट दाखवते, तिच्या मागच्या भिंतीआड मी खोटे पत्रे ठोकून ठेवलेत, असं? त्यांनी स्वतःची समजूत घातली की तेराचे पंधरा झाले काय आणि सोळा झाले काय, कोण बघतंय.

बघितलं ठेकेदार चरनदासनं. दोन दिवसांनी तो वायरिंग तपासायचा मेगर घेऊन आला. वायरिंगची चाचणी केली, मातीत गाडलेल्या अर्थिंगचा रोध मोजला, आणि म्हणाला की एक अर्थिंग पुरायचं नाही, थ्री फेजच्या मोटरींना दुसरं घ्या. करंट गळला की आपोआप पडणारा स्विच नाही, तो बसवा, नाहीतर तपासणीला पहिली हरकत तीच निघेल. खांबापासून येणारी केबलही बारीक आहे, ती बदलावी लागेल. रुचिका सगळं लिहून घेत होती. मग त्यानं यादी पाहिली, बिल पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ताई, सगळी यंत्रं एकदम चालवली तरी साडेसातच्या वर जात नाही. मीटर अकरा दाखवतंय. साडेतीन किलोवॅट कुठून आले?”

“मीटर बिघडलं असेल.”

“मीटर तपासून घेता येतं, शुल्क भरा. पण मला विचाराल तर मीटर बरोबर आहे. यादीत नसलेलं काहीतरी चालतंय इथं. हीटर, शेगडी, असं काही. वीज खात्याचे जेई साहेब तपासणीला येतील ना, ते पहिल्यांदा हेच शोधतील.”

रुचिका सरळ वर पाहायला लागली. कारखान्याच्या वर लाकडी माळा होता, आणि माळ्यावर भूरे राहायचा.

भूरे म्हणजे दुकानाची खुरचन. रुंद कढईत दूध आटवायचं, कडेला जमणारी साय झाऱ्यानं हलकेच वर ओढून चिकटवायची, थरावर थर, आणि तीन तासांनी ती खरवडून काढायची, की झाली खुरचन. याला हात लागतो तसा डोळाही लागतो, आणि बाजारात तो भूरेइतका कुणाला नव्हता. एकटा माणूस, ना बायको ना पोरं. सव्वीस वर्षं तो त्या माळ्यावर झोपत आला होता. रुचिकाला लहानपणी त्यानंच खांद्यावर बसवून रामलीला दाखवली होती.

तिनं त्याला खाली बोलावलं. मागच्या हिवाळ्यात माळ्यावर पाणी तापवायचा रॉड लटकलेला तिनं पाहिला होता, तो आठवला असणार. ठेकेदार उभा होता, दोन पोरं बर्फी कापत होती, आणि गेंदालाल मोड्यावर होते.

“भूरेकाका, वर हीटर चालवता का तुम्ही? शेगडी बिगडी?”

भूरेनं एकदा यादीकडे पाहिलं, एकदा चक्कीच्या मोटरीकडे. त्याला वाचता फारसं येत नव्हतं, पण आकडे येत होते, आणि तो मूर्ख नव्हता. मग त्यानं गेंदालालकडे पाहिलं. गेंदालालनी तराजू पुढ्यात ओढला आणि त्याचं पारडं पुसायला घेतलं. पारडं स्वच्छच होतं.

“काका, मी विचारतेय.”

“असेल, बिटिया,” भूरे म्हणाला.

“असेल म्हणजे? मी इथं खऱ्याची सही करून बसलेय आणि तुम्ही न सांगता वर हीटर लावता? वर्षभर दंड भरतेय मी. ही चोरीच झाली ना?”

चोरी हा शब्द तिला वापरायचा नव्हता, तो रागात तोंडून निसटला. बर्फी कापणाऱ्या पोरांचे हात थांबले.  रुचिकानं आवाज खाली आणून पुढं सांगितलं की तपासणी होईपर्यंत माळा रिकामा करा, दुकानाच्या वीजजोडणीवर माणूस राहतो असं दिसलं तर आणखी एक प्रश्न निघेल. राहायची सोय मी दुसरीकडे करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोय बघायच्या आधीच भूरे निघून गेला. एक पिशवी, एक चादर, आणि स्वतःचा झारा. जाताना गेंदालालना रामराम करून गेला. गेंदालालनी रामराम घेतला. तेवढंच केलं त्यांनी, आणि त्याची लाज त्यांना नंतरचे आठ दिवस जेवू देईना.

तुम्ही म्हणाल, मग उठायचं आणि बोलायचं. बोलायला रोजच वेळ होता. पण एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट अवघड होतं, कारण आता नुसत्या पत्र्यांचं सांगायचं नाही, गप्प राहिल्याचंही सांगायचं. गेंदालाल रोज सकाळी ठरवत आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करून घरी जात. दरम्यान खुरचन बंद पडली. एका पोरानं करून पाहिली, ती करपली. गिऱ्हाइकं विचारायची, भूरे कुठंय? रुचिका सांगायची, सुट्टीवर. ते सांगताना तिचा चेहरा उतरायचा. तिलाही तो शब्द डाचत होता, हे गेंदालालना कळत होतं. सांगितलं असतं तर तिचं तरी ओझं उतरलं असतं. नाही सांगितलं.

नवव्या दिवशी जेई तोमर तपासणीला आला. तिशीतला पोरगा, घामाघूम, चहा नको म्हणाला. बाहेर खांबापासूनचं अंतर पाहिलं, नाक्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर किती भार आहे ते वहीत बघून म्हणाला की जागा आहे, त्याचा खर्च तुमच्यावर येणार नाही. नव्या अर्थिंगचे दोन्ही खड्डे पाहिले. गळतीच्या स्विचचं बटण दाबून तो पडतो का ते पाहिलं. रुचिकानं खर्चाचं विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं: वाढीव प्रत्येक किलोवॅटमागे सुरक्षा ठेव, त्याच हिशोबानं यंत्रणेचा आकार, केबल बदलायची तर केबलचे आणि कामाचे वेगळे. मी अहवाल दिला की मागणीपत्र निघेल, ते भरलं की भार मंजूर. आणि लक्षात ठेवा, त्यानंतर महिन्याचा स्थिर आकार वाढलेल्या भारावर लागणार, भट्टी चालवा किंवा न चालवा. म्हणून लागेल तेवढाच मागा.

मग त्यानं बिल आणि यादी शेजारी शेजारी धरली.

“यात फरक आहे.”

“माहितीये साहेब,” रुचिका म्हणाली. “वर आमचा एक माणूस हीटर लावत होता. तो आता नाही राहत.”

तोमर शिडीनं माळ्यावर चढला. रुचिका त्याच्या मागून गेली. गेंदालालना खालून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. वर एक दिवा होता, एक पंखा, आणि दोन छिद्रांचा एक साधा प्लग. तोमरनं त्याची वायर बोटांत धरून पाहिली.

“हीटर कुठं लावत होता तो? हा पाच अँपियरचा प्लग आहे मॅडम. वायर तर याहून बारीक. दोन किलोवॅटचा हीटर यावर दहा मिनिटं चालवला असता तर ही वितळून भिंत काळी झाली असती. कुठं काळं दिसतंय का तुम्हाला?”

“रॉड होता. मी पाहिला होता.”

कोपऱ्यात रॉड होताच. तोमरनं तो उचलून दाखवला. त्याची पिन तुटलेली होती आणि त्यावर मसाल्याच्या पुड्या टांगायचा दोरा बांधलेला होता.

रुचिका खाली आली तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं.  तोमरनं सगळी यंत्रं सुरू करायला सांगितली, पोरांना चक्कीत डाळ टाकायला लावली, आणि चिमट्यासारखं उपकरण काढून एकेका मोटरीच्या वायरीला लावलं.

“पाचच्या मोटरीनं सात-साडेसात अँपियर घ्यायला हवेत. ही अकरा घेतेय.” त्यानं मोटरीला हात लावून पाहिला. “गरम तर नाही. बेअरिंग जाम असेल कदाचित. मोटर सदोष असं लिहितो, मिस्त्रीला दाखवून घ्या.”

त्यानं वही उघडली. आता नुसतं गप्प बसायचं होतं. मोटर सदोष, संपलं. बेअरिंग बदलल्याचा कागद आणता आला असता, पत्रे रातोरात काढून टाकता आले असते, आणि कुणाला कधीच कळलं नसतं. गेंदालालना हे सगळं एका दमात सुचलं, आणि इतक्या सहज सुचलं याचीच त्यांना किळस आली. तेवढ्यात रुचिका त्यांच्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाबूजी, मी काकांना चोर म्हटलं हो.”

गेंदालाल मोड्यावरून उठले.

“मोटर ठीक आहे, साहेब. पत्रा खोटा आहे. मोटर साडेसातची आहे. त्या दुसऱ्या दोन्ही मोटरी एकच्या नाहीत, दोनच्या आहेत. मीच बदलून घेतले होते, खूप वर्षं झाली. हिला काही माहीत नाही. हिनं जे वाचलं ते लिहिलं.”

तोमरला काही फार आश्चर्य वाटलं नाही. या बाजारात त्याला असे पत्रे आधीही भेटले होते. तो म्हणाला की यादी इथंच दुरुस्त करा, खाली सही करा, मी मोजून घेतलेलं लिहितो. मीटर जास्तीच्या भाराचे पैसे दर महिन्याला घेतच होतं, तेव्हा लपलं तुमचं काहीच नाही. तेरा नाही पुरायचे, सोळा मागा. ठेव त्याप्रमाणे वाढेल. आणि ते पत्रे काढून टाका, पुढचा येईल तो माझ्यासारखा असेलच असं नाही. बाहेर पडता पडता तो सहज म्हणून गेला, “जुन्या मीटरला फसवायची युक्ती होती ती बाबा. नव्याला काय, त्याला वाचताच येत नाही. ते नुसतं मोजतं.”

रुचिकानं यादीतले तीन आकडे खोडले, वर नवे लिहिले, प्रत्येकापुढे सही केली. तोमर गेल्यावर तिनं वही मिटली. गेंदालाल वाट पाहत राहिले. तिनं ओरडावं, रडावं, काही विचारावं, अशी त्यांची फार इच्छा होती. तिनं एवढंच विचारलं, “काकांना हे ठाऊक होतं?” त्यांनी होकार दिला. पत्रा त्यानंच धरला होता, तेही सांगितलं. तिनं पायात चपला घातल्या आणि ती दुकानातून निघून गेली. कुठं जातेस ते विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

भूरे स्टेशनजवळच्या एका मिठाईवाल्याकडे कामाला लागल्याचं गेंदालालना तिसऱ्या दिवसापासूनच माहीत होतं. हेही त्यांनी रुचिकाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिक्षा करून तिथं गेले. भूरे कढईसमोर बसला होता, साय अजून धरायची होती. त्यानं झारा बाजूला ठेवला, उठून स्टूल पुसलं आणि मालकाला बसवलं. चहा मागवला. सवयीनं केलं सगळं.

गेंदालालनी त्याला तपासणीचं सांगितलं. साहेबासमोर मी सगळं कबूल केलं, पोरांसमोर केलं, तुझ्यावरचा आळ सगळ्यांच्या देखत काढला. आता घरी चल.  इतक्या वर्षांत त्यांनी भूरेसमोर हात जोडले नव्हते, ते जोडले.

“हात नका जोडू, लालाजी,” भूरे म्हणाला. “सोमवारपासून येतोच आहे मी. बिटिया काल येऊन गेली ना. इथंच उभी राहून रडली. तिला नाही म्हणवेना मला.”

गेंदालालना एकदम हलकं वाटलं. चला, म्हणजे मिटलं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

“तिनं चोर म्हटलं त्याचं मला काही नाही,” भूरे पुढं म्हणाला. “तिला ठाऊक नव्हतं.” त्यानं आच थोडी कमी केली. “जाताना तिनं एक विचारलं. म्हणाली, काका, मी तुम्हाला बोलत होते तेव्हा बाबूजींना काय चाललंय ते कळत होतं का? की त्यांचं लक्ष नव्हतं?”

“मग?”

“चोवीस वर्षं मी तुमच्यासाठी गप्प बसलो. त्या दिवशीही बसलो. पण ते पोर माझ्याकडे असं बघत होतं, की मी नाही म्हणावं म्हणून.” भूरेनं झारा उचलला. कढईच्या कडेला पहिली साय धरायला लागली होती, ती त्यानं हलकेच वर ओढली. “नाही म्हणता आलं नाही, लालाजी. मी तिला सांगितलं, कळत होतं.”